मीटरच्या खोलीतला आठ

माझी मावशी डोंबिवली पूर्वेला राहते. कल्याण पश्चिमेला तिचा एक जुना फ्लॅट आहे, तो ती भाड्याने देते. गेल्या वर्षी तिथला भाडेकरू महिन्याच्या मध्येच खोली सोडून गेला. असं झालं की विजेचं बिल येईपर्यंत थांबता येत नाही. जाण्याच्या दिवशीचं मीटर रीडिंग घ्यायचं, शेवटच्या बिलातलं रीडिंग त्यातून वजा करायचं आणि निघालेल्या युनिटचे पैसे डिपॉझिटमधून कापायचे, हा सगळीकडचा रिवाज. भाडेकरूने जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत जाऊन फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर पाठवला. मावशीने तो फोनमधल्या एका ॲपला दिला आणि विचारलं, रीडिंग किती? उत्तर लगेच आलं: १६९६१. शेवटच्या बिलातला आकडा १६८३२ होता. वजाबाकी १२९ युनिट. मावशीने वहीत लिहून ठेवलं.

संध्याकाळी तिने तोच फोटो मला पाठवला, कारण तिला एक शंका आली होती. "अगं, हा सहा आहे की आठ?" मी फोटो मोठा करून पाहिला. खोलीतल्या ट्यूबलाइटची एक पांढरी रेघ मीटरच्या काचेवर तिरकी पडली होती आणि नेमकी शेवटून दुसऱ्या आकड्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर आली होती. मीटरच्या पडद्यावरचा प्रत्येक आकडा सात छोट्या पट्ट्यांनी बनतो. आठाला सातही पट्ट्या लागतात. त्यातली उजवीकडची वरची पट्टी झाकली की उरतो तो सहा. डावीकडची खालची झाकली की नऊ, मधली झाकली की शून्य. खरं रीडिंग १६९८१ होतं, म्हणजे वापर १४९ युनिटचा.

वीस युनिटचा फरक फार मोठा नाही, आणि मावशीने तो त्याच रात्री दुरुस्त केला. पण मी कामाने सॉफ्टवेअर तपासणारी आहे, आणि ज्या मॉडेलवर असली ॲप चालतात त्यांचे गुण मला पाठ असतात. फोटो पाहून प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या या मॉडेलना कागदपत्रं वाचण्याच्या परीक्षेत शंभरपैकी नव्वदच्या वर गुण मिळतात, हे मी मावशीला पूर्वी अभिमानाने सांगितलेलं होतं. तिने साधा प्रश्न विचारला: "मग नव्वदवाल्याला आठ कसा दिसत नाही?" त्याचं नीट उत्तर द्यायचं तर ते गुण कशाचे आहेत, हे उलगडून सांगावं लागतं.

चित्र आणि भाषा दोन्ही हाताळणाऱ्या मॉडेलच्या परीक्षेला बेंचमार्क म्हणतात. तिची घडण साधी असते. चित्रांचा एक संच, प्रत्येक चित्रावर एक किंवा अनेक प्रश्न, आणि माणसांनी आधीच लिहून ठेवलेली उत्तरं. मॉडेलने दिलेलं उत्तर त्या उत्तराशी एक छोटा प्रोग्राम ताडून पाहतो आणि सरासरी काढतो. हजारो प्रश्न हाताने तपासणं शक्य नसल्यामुळे उत्तर यंत्राला तपासता येईल असंच असावं लागतं: चारांतला एक पर्याय, एखादा शब्द किंवा एखादा आकडा. ही अट दिसायला किरकोळ आहे, पण पुढचं बरंच काही तिच्यातून ठरतं.

मीटरच्या फोटोला सगळ्यात जवळची परीक्षा म्हणजे डॉकव्हीक्यूए. ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यामागे हैदराबादच्या ट्रिपल आयटीतले संशोधक बार्सिलोनाच्या कॉम्प्युटर व्हिजन सेंटरसोबत होते. बारा हजारांहून अधिक कागदांची चित्रं आणि त्यांवर पन्नास हजार प्रश्न, असा तिचा पसारा आहे. हे कागद आले कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतल्या औद्योगिक कागदपत्रांच्या संग्रहातून. तंबाखू, औषधं, अन्न अशा उद्योगांची पत्रं, तक्ते, अहवाल, फॉर्म. काही टंकलेखन यंत्रावरचे, काही छापील, काही हस्तलिखित, बरेचसे जुने आणि डागाळलेले. कागद म्हणून ते सोपे नाहीत. पण ते सगळे स्कॅनरच्या काचेवर सपाट ठेवून उचललेले आहेत. कागद चौकट भरून असतो, सरळ असतो, त्यावर ट्यूबलाइटची रेघ नसते, आणि प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर कुठे ना कुठे लिहिलेलं असतंच.

आता या परीक्षेत गुण कसे देतात ते पाहू, कारण मावशीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. मॉडेलचं उत्तर आणि खरं उत्तर यांत किती अक्षरं बदलली, गाळली किंवा जास्त घातली तर ती दोन्ही सारखी होतील, हे आधी मोजतात. त्या संख्येला दोन्हींतल्या लांब उत्तराच्या अक्षरसंख्येने भागतात. आलेला अपूर्णांक अर्ध्यापेक्षा कमी असेल तर तो एकातून वजा करतात आणि उरतं ते गुण. अर्धा किंवा जास्त असेल तर शून्य. ही पद्धत ठेवण्यामागे हेतू चांगला आहे. एखाद्या लांब नावात अक्षर वाचताना एक चूक झाली तर उत्तर पूर्ण चूक धरू नये, कारण मॉडेलने जागा बरोबर शोधलेली असते.

हीच पट्टी मावशीच्या मीटरला लावू. खरं उत्तर १६९८१, मॉडेलचं उत्तर १६९६१. पाच अक्षरांत एक बदल, म्हणजे एक पंचमांश. एकातून वजा केल्यावर ०.८. शंभरपैकी ऐंशी गुण! तेच मॉडेल ४६९८१ असं म्हणालं असतं, म्हणजे तीस हजार युनिटची चूक केली असती, तरी एकच अक्षर चुकलं म्हणून गुण तेवढेच, ऐंशी. या पट्टीला आकड्याची किंमत कळत नाही. दशकाच्या जागेचा आकडा आणि दहा हजारांच्या जागेचा आकडा तिला सारखेच. आणि बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक वाचताना एक आकडा चुकला, तर बारापैकी एक, म्हणजे जवळपास ९२ गुण. त्या ९२ गुणांच्या क्रमांकावर पैसे भरले तर ते दुसऱ्या कुणाच्या खात्यावर जमा होतील किंवा अडकून बसतील.

डॉकव्हीक्यूए तयार करणाऱ्यांनी माणसांनाही ती परीक्षा दिली होती आणि दोन्ही प्रकारे मोजलं होतं. हुबेहूब जुळणारीच उत्तरं धरली तर माणसांना सुमारे ९४ टक्के, आणि वरच्या उदार पट्टीने सुमारे ९८. म्हणजे ही गोष्ट परीक्षा तयार करणाऱ्यांना ठाऊक होती आणि त्यांनी ती लपवलेली नाही. ती गळते पुढच्या वाटेवर. मूळ लेखातून गुण उचलले जातात, तक्त्यात बसतात, तक्त्यातून बातमीत, बातमीतून माझ्यासारखीच्या तोंडी आणि तिथून मावशीच्या कानावर. तोवर "९५" या आकड्याचा अर्थ "शंभरातली पंच्याण्णव कामं नीट होतील" असा झालेला असतो. तो कधीच तसा नव्हता. एक साधा हिशेब करून बघा. समजा एखादं मॉडेल प्रत्येक सुटा आकडा ९९ टक्के वेळा बरोबर वाचतं आणि चुका एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. तर बाराही आकडे एकदम बरोबर येण्याची शक्यता ०.९९ चा बारा वेळा गुणाकार, म्हणजे साधारण ८९ टक्के. नऊ बिलांमागे एका बिलाचा क्रमांक कुठे ना कुठे चुकलेला असेल.

हीच पट्टी मराठीला उलट्या बाजूनेही लागते. उत्तरसूचीत १६९८१ देवनागरीत लिहिलेलं असेल आणि मॉडेलने तेच रीडिंग इंग्रजी आकड्यांत दिलं, तर संगणकाच्या लेखी पाचही अक्षरं वेगळी आहेत. गुण शून्य. माणसाला त्यात चूक दिसणारही नाही. उलट घाईत लिहिलेल्या सोसायटीच्या नोटिशीत देवनागरी १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात, आणि पाणी १ तारखेला बंद की ९ तारखेला, हे चुकलं तर सगळ्या इमारतीची तारांबळ. तिथे मात्र एका अक्षराचाच फरक पडतो. मराठीचा समावेश असलेल्या परीक्षा आता होऊ लागल्या आहेत. २०२४ मध्ये आलेल्या सीव्हीक्यूए या संचात तीस देशांतल्या एकतीस भाषांमधले सुमारे दहा हजार प्रश्न आहेत आणि त्यांत मराठीही आहे. तो संच मला मनापासून आवडतो, कारण त्यात इथल्या गोष्टी ओळखता येतात का, हे पाहिलं जातं. पण तो पर्यायी उत्तरांचा आहे. मीटर चार पर्याय देत नाही.

पर्यायांच्या परीक्षांची एक वेगळीच अडचण आहे, आणि ती समजली की सगळ्यात जास्त मिरवल्या जाणाऱ्या गुणांकडे बघण्याची दृष्टी बदलते. एमएमएमयू ही २०२३ मधली परीक्षा घ्या. महाविद्यालयीन दर्जाचे साडेअकरा हजार प्रश्न, वैद्यक, अभियांत्रिकी, कला, व्यापार अशा तीस विषयांचे, प्रत्येकासोबत आकृती किंवा चित्र. पुढच्याच वर्षी काही संशोधकांनी एक सरळ प्रयोग केला: मॉडेलला चित्र दाखवायचंच नाही, फक्त प्रश्न आणि पर्याय द्यायचे. त्या वेळच्या एका आघाडीच्या मॉडेलने चित्र न पाहता ४२.९ टक्के उत्तरं बरोबर दिली. नुसत्या अंदाजाने ठोकलं तर मिळतात त्याहून हे कितीतरी जास्त होतं. काही प्रश्नांचं उत्तर प्रश्नाच्या शब्दांतच होतं, काहींचं सामान्य ज्ञानात, आणि काही प्रश्न मॉडेलने शिकताना कुठेतरी वाचलेलेच असावेत, अशीही शंका त्या संशोधकांनी मांडली. यानंतर त्या परीक्षेची अधिक कडक आवृत्ती निघाली, चित्राशिवाय सुटणारे प्रश्न वगळून आणि पर्याय दहापर्यंत वाढवून.

हा आजार जुना आहे. फोटोवरच्या प्रश्नोत्तरांचा पहिला मोठा संच २०१५ मध्ये आला. देवी पारीख आणि ध्रुव बत्रा हे त्याच्या कर्त्यांपैकी. दोन वर्षांनी त्याच मंडळींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्याच संचातला पूर्वग्रह मोजून दाखवला: "कोणता खेळ" अशा प्रश्नांना न बघता "टेनिस" म्हटलं तर ४१ टक्के वेळा बरोबर येत होतं, आणि "किती" अशा प्रश्नांना "दोन" म्हटलं तर ३९ टक्के वेळा. मग त्यांनी प्रत्येक प्रश्नासाठी सारखी दिसणारी पण वेगळं उत्तर असलेली चित्रांची जोडी जमवून संच दुरुस्त केला. स्वतः बांधलेल्या संचातली खोट स्वतःच मोजून छापणारी माणसं या क्षेत्रात आहेत, हे मला सांगावंसं वाटतं.

मीटरकडे परत येऊ. मीटरचं रीडिंग अंदाजाने येत नाही. १६९६१ आणि १६९८१ या दोन्हींत "जास्त शक्य" असं काही नाही. तिथे डोळाच हवा, आणि मॉडेलच्या डोळ्याचं माप कळलं की उरलेलं अर्धं उत्तर मिळतं.

फोनचा फोटो साधारण तीन हजार पिक्सेल रुंद आणि चार हजार उंच असतो, असं धरू. भाडेकरूने दारातूनच फोटो काढला होता. त्यात फळीवरचे आठ मीटर एकदम आलेले. आमच्या मीटरचा आकड्यांचा पडदा फोटोच्या रुंदीच्या एक दशांश, म्हणजे तीनशे पिक्सेल. व्हॉट्सॲपने नेहमीच्या पद्धतीने पाठवताना फोटो लहान केला, लांब बाजू सुमारे १६०० पिक्सेलवर आली. पडदा उरला १२० पिक्सेलचा. हा फोटो मॉडेलकडे गेल्यावर पुन्हा लहान होतो. किती, ते मॉडेलवर अवलंबून. २०२३ मधल्या लावा-१.५ या खुल्या मॉडेलचं उदाहरण घेते, कारण त्याची आतली मापं सगळ्यांना उपलब्ध आहेत. ते कोणतंही चित्र ३३६ गुणिले ३३६ पिक्सेलच्या चौकोनात बसवतं आणि त्याचे १४ पिक्सेलचे तुकडे करतं. आडवे चोवीस, उभे चोवीस, एकूण ५७६. प्रत्येक तुकड्यामागे मॉडेलला आकड्यांची एक रांग मिळते, आणि चित्राबद्दल त्याला जे काही कळतं ते या ५७६ रांगांतून.

आता १६०० ची बाजू ३३६ झाली, म्हणजे जवळपास पाचपट घट. १२० पिक्सेलचा पडदा पंचवीस पिक्सेलवर आला. त्यात पाच आकडे, एकेक पाच पिक्सेल रुंद. चौदा पिक्सेलच्या एका तुकड्यात अडीच-तीन आकडे कोंबलेले. आठाची ती उजवी वरची पट्टी आता एका पिक्सेलहून बारीक झाली. अशा अवस्थेत मॉडेलने पाच आकडी संख्या दिली हेच मुळात काळजीचं आहे, कारण तिच्यातला बराच भाग वाचलेला नसून भरलेला असणार. फळीजवळ जाऊन पडदा अर्धी रुंदी व्यापेल असा फोटो काढला असता, तर याच वाटेने शेवटी एकेका आकड्याला पंचवीस पिक्सेल मिळाले असते. मीटर तोच, मॉडेल तेच, पण नजर पाचपट मोठी.

नवी मॉडेल चित्राचे मोठे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वेगळा बघतात, त्यामुळे परिस्थिती लावाच्या काळापेक्षा पुष्कळ सुधारली आहे. तरी तुकड्यांच्या संख्येला मर्यादा असते, कारण प्रत्येक तुकड्याला गणनेचा खर्च आहे. आणि इथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे: जाहीर झालेले गुण हे मॉडेल पूर्ण ताकदीने चालवून मिळवलेले असतात, तर आपल्या हातातलं ॲप खर्च वाचवण्यासाठी फोटो आधीच लहान करून पाठवत असू शकतं. आपल्याला तसं कुठे लिहिलेलं दिसत नाही. ओळखायची एक खूण आहे. तोच फोटो आधी पूर्ण आणि मग फक्त आकड्यांपुरता कापून द्या. दोन वेगळी उत्तरं आली तर पूर्ण फोटो देताना मॉडेलला आकडे पुरेसे दिसत नव्हते, असं धरून चालावं.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती नव्या भाडेकरूच्या पहिल्या फोटोत दिसली. त्याने फोटो अगदी जवळून काढला, सगळे आकडे स्वच्छ. ॲपनेही ते बिनचूक वाचले. पण ते रीडिंग नव्हतं. डिजिटल मीटरचा पडदा एका जागी थांबत नाही. काही सेकंदांनी बदलत तो तारीख दाखवतो, वेळ दाखवतो, एकूण युनिट दाखवतो, त्या महिन्यातली कमाल मागणी दाखवतो, कधी व्होल्टेजही. कुठला आकडा कशाचा हे बाजूच्या बारीक अक्षरांवरून कळतं. युनिटच्या वेळी `kWh` असतं, कमाल मागणीच्या वेळी `MD`. भाडेकरूने बटण दाबलं तेव्हा पडद्यावर `MD` होतं. विचारलं होतं "रीडिंग किती?", फोटोत होता एक आकडा, म्हणून मॉडेलने तो दिला. बरोबर उत्तर होतं: या फोटोत रीडिंग नाही, पडदा बदलेपर्यंत थांबून पुन्हा फोटो काढा.

बहुतेक बेंचमार्कमध्ये अशा उत्तराला जागाच नसते. प्रश्न तयार करणारा माणूस आधी चित्र बघतो, मग ज्याचं उत्तर त्यात आहे असाच प्रश्न लिहितो. अंदाजाने दिलेल्या उत्तराला कधीतरी गुण मिळतात, "दिसत नाही" म्हटल्याला कधीच नाही. अशा परीक्षेवर वाढलेलं मॉडेल गप्प राहायला शिकणार कसं? याला एक ठळक अपवाद आहे, व्हिजविझ. त्याची सुरुवात अंध व्यक्तींसाठीच्या एका फोन-ॲपमधून झाली. त्यांनी फोटो काढायचा, प्रश्न तोंडी विचारायचा आणि दूरवरच्या डोळस माणसांनी उत्तर पाठवायचं. हा डबा कशाचा आहे, या शर्टाचा रंग कोणता, या औषधावर तारीख काय आहे. त्या खऱ्या प्रश्नांतले एकतीस हजारांहून अधिक प्रश्न फोटोंसह २०१८ मध्ये संशोधनासाठी खुले झाले. फोटो हललेले, अंधारलेले, डब्याची भलतीच बाजू आलेली. चौथ्या हिश्शाहून जास्त प्रश्नांवर उत्तर देणाऱ्या माणसांचं मत पडलं की या फोटोवरून उत्तर देता येणार नाही. आणि ते मत हेच त्या प्रश्नाचं खरं उत्तर मानलं गेलं. गरज पडली म्हणून माणसाने काढलेला फोटो कसा असतो, हे इतक्या मोठ्या प्रमाणावर दाखवणारा दुसरा संच मला माहीत नाही. मॉडेलच्या जाहिरातीत मात्र एमएमएमयू ठळक असतं.

आणखी एक फरक आहे, तो लवकर सांगून टाकते. बेंचमार्कमध्ये एक चित्र, एक प्रश्न, मागचं-पुढचं काही नाही. मावशीच्या वहीत मात्र चार वर्षांची रीडिंग आहेत. मीटर मागे जात नाही. फ्लॅटचा महिन्याचा वापर साधारण केवढा, हे तिला तोंडपाठ आहे. मॉडेलने १६७८१ वाचलं असतं तर ते मागच्या रीडिंगपेक्षा कमी म्हणून तिने तिथल्या तिथे पकडलं असतं. ४६९८१ सुद्धा पकडलं असतं. १६९६१ निसटलं, कारण ते पटण्यासारखं होतं. पट्टीवर तिन्ही चुकांना सारखे ऐंशी गुण आहेत, पण घरच्या व्यवहारात पहिल्या दोन चुका निरुपद्रवी आणि तिसरी तेवढी घातक.

मग आपल्या कामासाठी मॉडेल किती भरवशाचं, हे कळायचं कसं? आम्ही मावशीच्या फोनमधलेच जुने फोटो घेतले. मीटरचे, बिलांचे, सोसायटीच्या नोटिशींचे, जसे आहेत तसे, वाईट फोटो न गाळता. प्रत्येकाचं खरं उत्तर तिने आधी वहीत लिहिलं, ॲपला विचारण्याच्या आधी, म्हणजे मन त्याच्या उत्तराकडे झुकणार नाही. मुद्दाम काही असे फोटो ठेवले ज्यांत उत्तर नाहीच: `MD` वाला, बिलाची मागची बाजू, शेजाऱ्यांचा मीटर. मग तीन रकाने केले. पूर्ण बरोबर, चूक, आणि "सांगता येत नाही" असं म्हणालं. एक आकडा चुकला तरी चूक, अर्धे गुण नाहीत. उत्तर नसलेल्या फोटोंवर तिसरा रकाना हाच बरोबर. काही फोटो दोन दिवसांनी पुन्हा दिले. उत्तर बदललं तर पहिलं उत्तर बरोबर असलं तरी तो अंदाज होता, असं समजलो.

अशा छोट्या परीक्षेची मर्यादाही ठाऊक असावी. तीस फोटोंत एकही चूक सापडली नाही, तरी "चुका होत नाहीत" असं म्हणता येत नाही. संख्याशास्त्रातला एक ढोबळ नियम आहे: एकही चूक न दिसल्यास तीनला तपासण्यांच्या संख्येने भागावं, चुकांचं खरं प्रमाण तेवढ्यापर्यंत असू शकतं. तीस तपासण्यांवर ते दहा टक्के येतं. वर्षाला बारा रीडिंग घेणाऱ्या घरात दहा टक्के म्हणजे वर्षाकाठी एखादं. त्यामुळे मावशीने ॲप सोडलं नाही, पण वजाबाकी स्वतः करायची हे ठरवलं. नोटिशी वाचून घ्यायला, जुन्या बिलांतून महिना शोधायला ते तिला खरोखर उपयोगी पडतं, कारण तिथे चूक झाली तर डोळ्यांना लगेच दिसते.

भाडेकरूला तिने दोन फोटो पाठवायला सांगितलं आहे. पहिला थोडा मागून, ज्यात मीटरवर छापलेला क्रमांक वाचता येईल, म्हणजे आठ मीटरांतला आपला कोणता याचा घोळ होणार नाही. दुसरा जवळून, पडद्यावर `kWh` दिसत असताना, फ्लॅश बंद ठेवून आणि फोन किंचित तिरका धरून, म्हणजे काचेवरची रेघ बाजूला सरकेल. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे तो लहान होत नाही. गेल्या महिन्यात त्याने दोन्ही फोटो बरोबर काढले. ॲपने सांगितलेलं रीडिंग मावशीने वाचलेल्याशी जुळलं. तिने वहीत आकडा लिहिला, त्याच्याखाली मागचा आकडा, रेघ ओढली आणि वजाबाकी केली.